भर उन्हाळ्यात सूट : कापड हलकं घ्यावं की विरळ?

घामाघूम

मंडळी, मदत हवी आहे. ऐन उन्हाळ्यात जवळच्या मित्राचं लग्न आहे, दुपारचं आणि उघड्यावर. डोक्यावर फक्त कनात. त्यानंतर तीन आठवड्यांनी ऑफिसचा पुरस्कार सोहळा आहे, संध्याकाळी, बंद सभागृहात, आणि तिथे मला स्टेजवर जायचंय. दोन्हीकडे सूटच लागणार आणि दोन सूट शिवायची माझी तयारी नाही.

गेल्या उन्हाळ्यात एकदा तोंड पोळलंय. दुकानात जाऊन म्हटलं, तुमच्याकडचं सगळ्यात हलकं कापड द्या. त्यांनी सुपर १३० छापलेलं, २१० ग्रॅमचं लोकरीचं कापड काढलं. हातात घेतलं तर रुमालासारखं तलम. शिवून अंगात घातलं आणि अर्ध्या तासात पाठीवरून धार लागली. बसून उठलं की पँट मांडीला चिकटून वर चढलेली, मांडीच्या सांध्यात चुण्यांचं जाळं. जेवणाआधीच कोट हातावर आला तो परत अंगात गेला नाही. फोटोत सगळे सुटात आणि मी एकटा वेटरसारखा कोट हातावर घेऊन उभा.

आता याहून हलकं कापड मिळतं का? की सरळ लिनन घेऊ?

लिननप्रेमी

यात विचार कसला करताय? लिनन! उन्हाळ्यात लोकर घालायला सांगणाऱ्या दुकानदाराला दंडवत. लोकर म्हणजे स्वेटर, शाल, कांबळं. लिनन घाम शोषतं, पटकन वाळतं, अंगापासून सुटं राहतं. मी पाच वर्षं दुसरं काही घातलेलं नाही. चुण्या पडतात, पण तीच तर त्याची शान आहे.

गणिती

एक शंका. माझ्या लिननच्या शर्टाचं कापड १७० जीएसएमचं आहे, पावतीवर लिहिलंय. तुमचं सुटाचं कापड २१० म्हणजे शर्टापेक्षाही जाडच झालं की. मग त्याला हलकं कोणी म्हटलं? १५० च्या आसपासचं बघा, प्रश्न मिटेल.

सुईदोरा

गणिती, इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. सुटाच्या कापडाच्या नमुना-पुस्तकावर जे ग्रॅम लिहिलेले असतात ते बहुतेक वेळा एका धावत्या मीटरचे असतात, आणि पन्हा साधारण दीड मीटरचा. म्हणजे २१० ला दीडने भागा, १४० आले. घामाघूम यांचं कापड तुमच्या शर्टापेक्षा पातळ होतं. १५० जीएसएमचं शोधायला गेलात तर तुम्ही त्याच कापडाच्या दारात परत जाल.

घामाघूम, मी सत्तावीस वर्षं कात्री चालवतोय, आणि उन्हाळा आला की तुमच्यासारखी दहा तरी माणसं येतात. सगळ्यांचं एकच, 'हलकं द्या'. हिशोब करून बघा. कोट-पँटला साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं. २१० ऐवजी २७० ग्रॅमचं घेतलंत तर पूर्ण सुटात फरक पडतो जेमतेम १९५ ग्रॅमचा, तोही कापून-छाटून आणखी कमी होतो. एवढं वजन तुमच्या खिशातल्या मोबाइलचं असतं. तेवढ्याने कोणी घामाघूम होत नाही.

माणूस घामाघूम होतो तो हवा कोंडल्यामुळे. घाम उडून गेला तरच अंग गार होतं, आणि तो उडायला कापडातून हवा आरपार गेली पाहिजे. सुपर १३० हा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे एवढंच सांगतो. कापड विरळ आहे का, थंड आहे का, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. उलट बारीक तंतूचं मऊ सूत दाटीवाटीने विणलं की कापड तलम होतं, पण भोकं बुजतात. शिवाय मऊ असल्यामुळे घाम लागला की लोळागोळा होऊन अंगाला बिलगतं. तुमच्या मांडीवर घडलं ते हेच.

तुम्हाला हवंय ते उलट्या स्वभावाचं कापड. सुताला भरपूर पीळ दिलेला, दोन किंवा जास्त पदरी सूत, आणि साधी एक-वर-एक-खाली अशी मोकळी वीण. पीळ दिलेलं सूत गोल आणि कडक राहतं, पसरून भोकं बुजवत नाही. हाताला थोडं खरखरीत, कोरडं लागतं. याला हाय-ट्विस्ट म्हणतात. फ्रेस्को हे नावही ऐकाल. मूळचं ते एका इंग्लिश कापडवाल्यांनी १९०७ साली नोंदवलेलं नाव, पण आता त्या जातीच्या सगळ्याच कापडाला लोक सर्रास फ्रेस्को म्हणतात. वजन २६० ते ३०० ग्रॅम आलं तरी घाबरू नका.

लिननप्रेमी

म्हणजे उन्हाळ्यात जास्त वजनाची लोकर घाला? सुईदोरा काका, माफ करा, पण हे पटत नाही. निसर्गनियमाने लोकर गरमच.

सुईदोरा

गरम असतो तो स्वेटर, कारण त्यात फुगीर सुताच्या मधे हवा अडकून बसते. तोच तंतू पिळून मोकळा विणला की हवा अडकायला जागाच उरत नाही. आणि लोकरीचा एक गुण लिननमध्येही नाही. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही.

पण तुम्ही अर्धे बरोबर आहात. मोकळ्या विणीचं लिनन भर उन्हात घालायला झकासच आहे, मीही घालतो. घामाघूम यांची अडचण वेगळी आहे. त्यांना तोच सूट तीन आठवड्यांनी स्टेजवर घालायचाय. लिननच्या पँटला दोन तास बसल्यावर गुडघ्यामागे आणि मांडीला ज्या घड्या पडतात, त्या तुम्ही शान म्हणा, पण सभागृहातल्या दिव्याखाली माणूस गाडीत झोपून आल्यासारखा दिसतो.

रेशीमगाठ

मी सीअरसकर सुचवणार होते. ते पट्ट्यापट्ट्यांनी चुरगळलेलं सुती कापड असतं ना, ते. नाव मूळ फारसी 'शीर-ओ-शक्कर'वरून आलंय, दूध आणि साखर. एक पट्टा गुळगुळीत, एक खरखरीत. विणतानाच काही ताणे सैल सोडतात म्हणून ते उंचसखल होतं आणि अंगाला टेकतच नाही. इस्त्रीचीही कटकट नाही.

सुईदोरा

कल्पना छान. दुपारच्या लग्नाला उत्तम, फक्त फिका पट्टा स्टेजवर जरा सहलीला निघाल्यासारखा वाटेल. गडद निळ्यात मिळालं तर बघा.

जुनाकोट

धाग्याचा विषय कापडाचा आहे, पण माझं दुखणं याच जातीचं वाटलं म्हणून लिहितो. माझ्या कोटाच्या छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे आलेत. दोन उन्हाळे घातला, चार-पाच वेळा इस्त्रीला दिला, बस्स. कापड चांगलं लोकरीचं होतं, लेबलवर १०० टक्के लिहिलंय. कापड फसवं निघालं का?

सुईदोरा

कापड निर्दोष आहे हो. आतलं चिकटवलेलं बकरम सुटलंय. तयार कोटांत छातीला आकार राहावा म्हणून गोंद लावलेलं बकरम गरम दाबाने चिकटवतात. घाम, वाफ आणि जोराची इस्त्री यांनी गोंद जागोजागी सुटतो, कापड वर फुगतं. परत दाबून थोडे दिवस बसतं, मग पुन्हा फुगतं. कायमचा इलाज माझ्याकडे नाही.

घामाघूम, हे तुमच्यासाठीही कामाचं आहे. गोंदाच्या थरातून हवा कमीच जाते. म्हणजे पुढची दोन्ही पाखं बंद खिडकीसारखी. कोट तयार घ्यायचा असेल तर खालच्या काजाच्या जरा खाली कापड चिमटीत धरा आणि पुढचा-मागचा पदर वेगळा ओढा. मधे तिसरा सुटा पदर बोटांना सरकताना लागला तर आत टाके घालून बसवलेला कॅनव्हास आहे. दोनच पदर लागले आणि बाहेरचा ताठ वाटला तर चिकटवलेलं.

मीनल_

मी बायकांच्या बाजूने विचारते. ऑफिसच्या कार्यक्रमांना मला जॅकेट आणि ट्राउझर घालावी लागते. आमच्या तयार जॅकेटांना आतून सगळीकडे चकचकीत अस्तर असतं. आत बिनबाह्यांचा टॉप असतो, म्हणजे ते अस्तर थेट दंडाला आणि काखेत लागतं. वरचं कापड लिनन असलं तरी आत ओला प्लास्टिकचा कागद गुंडाळल्यासारखं होतं. मग लिनन घेऊन उपयोग काय?

सुईदोरा

मीनलताई, इतक्या वेळात कळीचा मुद्दा तुम्हीच काढलात. मी स्वतः आधी लिहायला हवा होता. कापड आणि अस्तर मिळून जेवढी हवा जाते तेवढीच खरी. फ्रेस्कोच्या खाली दाट पॉलिएस्टरचं पूर्ण अस्तर लावलं की झाला तो रेनकोट.

म्हणून दुकानात परीक्षा करताना दोन्ही पदर एकत्र धरायचे. आधी कापडाचा एकच पदर उजेडासमोर धरा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके सारखे पसरलेले दिसले पाहिजेत. मग कापड ओठांजवळ धरून फुंकर मारा आणि पलीकडे दुसऱ्या हाताची उलटी बाजू ठेवा. फुंकर हाताला स्पष्ट लागली पाहिजे. आता त्याच्यामागे निवडलेलं अस्तर धरा आणि पुन्हा फुंका. बहुतेक वेळा इथेच फुंकर मरते, आणि दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. शेवटी कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळून दहा आकडे मोजा. सोडल्यावर हाय-ट्विस्ट उसळून उघडतं, एखादी रेघ उरते. तुमचं सुपर १३० आवळून बघा, सुरकुतलेलं पान हातात येईल.

अस्तर पूर्ण काढून टाका असंही मी म्हणणार नाही. बाह्यांना हवंच, नाहीतर शर्टावरून हात सरकत नाही आणि बाही वर चढते. मीनलताई, बाह्यांना कुप्रोचं अस्तर मागा. सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापसापासून ते करतात. गुळगुळीत असतं पण ओल घेतं, दंडाला चिकटत नाही. खोट एवढीच की ओलं झालं की नाजूक होतं, त्यामुळे काखेतली शिवण आधी तिथे उसवते. काखेत थोडी ढील ठेवून शिवायला सांगा.

गणिती

एक धावता मीटर भागिले दीड. वहीत लिहून ठेवलं. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो.

बाकी पँटला गुडघ्यापर्यंत अस्तर लावतात, ते का? तिथे तर हवा सगळ्यात जास्त हवी.

सुईदोरा

फ्रेस्को मांडीला टोचतं म्हणून. काहींना अजिबात चालत नाही, काहींना जाणवतही नाही. मी गिऱ्हाइकाला कापडाचा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला पाच मिनिटं घासत ठेवायला सांगतो. खाज आली तर फक्त पुढून, गुडघ्याच्या खालपर्यंत पातळ अस्तर. नाही आली तर बिनअस्तराची. फिक्या रंगाची पँट असेल तर मात्र मागे हात धरून बघा, बोटं दिसली तर खिशांच्या पांढऱ्या पिशव्याही दिसणार. खिशांना त्वचेच्या रंगाचं कापड लावायला सांगा.

आणखी एक. हे कापड शिंप्याचं ऐकत नाही. मऊ लोकर वाफेने हवी तशी वळते, हे पुन्हा सरळ होऊन बसतं. मोकळ्या विणीमुळे बैठकीच्या शिवणीवर ताण आला की धागे सरकतात आणि शिवणीशेजारी जाळी दिसायला लागते. म्हणून बैठक घट्ट नको, आतली शिवणीची पट्टी रुंद ठेवा. तुमच्या शिंप्याने पूर्वी हे शिवलंय का ते विचारा. तोंड वाकडं केलं तर दुसरा शोधा.

चारचौघे

मी मोहेर मिसळलेलं घेतलं होतं. कोणी बोलत नाहीये म्हणून सांगतो, चुण्या जवळपास शून्य, आणि संध्याकाळी दिव्यात मस्त चमक मारतं. मला फ्रेस्कोपेक्षा थंड वाटलं.

सुईदोरा

अंगोरा बोकडाचे केस ते. थंड असतं, वाद नाही. पण चमक दुपारच्या उन्हात डोळ्यात येते आणि तंतू कडक असल्यामुळे वर्षानुवर्षं एकाच जागी धारदार क्रीज दाबली की तिथेच चिरतं. मी क्रीजवर फाटलेल्या दोन पँटा पाहिल्यात. थोडं मिश्रण चालेल, पण माझी पहिली पसंती नाही.

चारचौघे

माझी सहा वर्षं झाली, अजून चिरली नाही. असो, ज्याचा त्याचा अनुभव.

लिननप्रेमी

रंगाचं काय? भर उन्हात गडद निळा म्हणजे तवा अंगावर घेतल्यासारखं. इथे तरी फिकाच घ्या.

घामाघूम

थांबा, मी काल सगळं करून आलो, ते सांगतो.

आधी गेल्या वर्षीचा कोट काढला. सुईदोरांनी सांगितल्याप्रमाणे उजेडासमोर धरला, ठिपके शून्य. फुंकर मारली, पलीकडे काही नाही. मुठीत आवळला, पान. म्हणजे तिन्ही परीक्षांत नापास. पाठीचं अस्तर बोटांत चोळलं तर चुरचुर आवाज करणारं पॉलिएस्टर.

मग दुसऱ्या दुकानात गेलो आणि 'हलकं' हा शब्दच उच्चारला नाही. म्हटलं पीळ असलेलं, साध्या विणीचं दाखवा. त्यांनी दोन काढली. एक २८० ग्रॅमचं गडद निळं, एक २५० चं राखाडी. राखाडी हाताला छान लागत होतं, पण फुंकर अर्धवट. निळ्यातून फुंकर अशी गेली की मागे उभ्या असलेल्या बायकोच्या हाताला लागली. ती म्हणाली, हे गोणपाट आहे का? मनगटावर घासलं, थोडी खाज आली. निळं घेतलं. पाठ उघडी, बाह्यांना कुप्रो, पँटला पुढून गुडघ्यापर्यंत अस्तर असं ठरलंय.

रंगावर माझाही जीव अडकला होता. राखाडीवर दुकानातच पाण्याचं बोट लावून पाहिलं, लगेच काळा डाग उठला. निळ्यावर शोधावा लागला. स्टेजवर काखेचे डाग दिसण्यापेक्षा उन्हात थोडं तापलेलं चालेल, असं ठरवून टाकलं.

सुईदोरा

पाण्याचं बोट, वा. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मध्यम राखाडीवर घाम सगळ्यात जास्त दिसतो हे खरं. लिननप्रेमींचंही चुकीचं नाही, थेट उन्हात गडद रंग तापतोच. कनातीखाली राहिलात तर फारसा फरक पडणार नाही.

पाठ उघडी ठेवताना एक बघा. आतल्या सगळ्या शिवणी उघड्या पडतात आणि या कापडाचे धागे लगेच निघतात. प्रत्येक कडेला पायपिंग करून घ्या, त्यासाठी शिंपी दोन दिवस जास्त मागेल, ते द्या. ट्रायलला कोट उलटा करून कडांवर नखाने ओरबाडा. धागा हातात आला तर परत द्या.

जुनाकोट

गेल्या वर्षीच्या त्या कोटाची पाठ उघडून घेतली तर तो तरी वाचेल का?

सुईदोरा

पाठीला हवा लागेल, पण कापडच दाट आहे, त्यामुळे निम्माच फायदा. शिवाय तलम कापडाची पाठ अस्तराशिवाय शर्टावर चिकटून लोंबते. एसीत संध्याकाळी घालायला ठेवा, तसाच.

मीनल_

गंजीचं काय करायचं? शर्टाखाली घालावी की नाही? नवरा म्हणतो घाम गंजीतच जिरतो, मी म्हणते एक थर वाढला.

चारचौघे

घालावी. शर्ट पाठीला चिकटत नाही.

लिननप्रेमी

अजिबात नाही. दोन ओले थर सांभाळण्यापेक्षा एक बरा.

सुईदोरा

यावर माझ्याच दुकानात दोन कारागिरांचं तीस वर्षांत जमलेलं नाही. मी घालतो, पण सुती नाही, पातळ लोकरीची. सुती गंजी एकदा भिजली की संध्याकाळपर्यंत ओली राहते.

घामाघूम

लग्न पार पडलं, म्हणून धागा वर काढतोय. साडेतीन तास कोट अंगावर होता. घाम आलाच, पण वारा आला की पाठीवर जाणवायचा, हे गेल्या वर्षी एकदाही झालं नव्हतं. उन्हात फोटोसाठी वीस मिनिटं उभं केलं तेव्हा मात्र निळ्याने खांदे भाजले, लिननप्रेमी, तेवढा मुद्दा तुमचा. रात्री बाथरूममध्ये गरम पाणी सोडून सूट टांगला, सकाळी पँटच्या चुण्या उतरल्या होत्या.

एक तक्रार उरली आहे. गुडघ्याच्या अस्तराची खालची कड बसलं की वर सरकते आणि तिथे बाहेरून आडवी रेघ दिसते. सोहळ्याला आठ दिवस आहेत. अस्तर पोटरीपर्यंत लांब करून घेऊ की काढूनच टाकू?

सुईदोरा

कड दुमडून शिवलीय का? बहुतेक तेच. दुमड उसवून कात्रीच्या दातेरी पात्याने कापलेली सपाट कड ठेवायला सांगा. तरी दिसली तर काढून टाका, आणि मनगटाला आलेली खाज मांडीला किती येते ते एक दिवस घरात घालून बघा.